तीनतीनने वाढणारी बेरीज

पेटीचं झाकण उघडलं तेव्हा आतून कुंभारमाशीच्या घराची वाळलेली माती पडली. मग धूळ, आणि धुळीखाली हिरवट पट्टी, तिच्यावर काळ्या चिपांच्या रांगा, उजवीकडे कळफलक, वर सहा लाल आकड्यांची खिडकी. झाकणाच्या आतल्या बाजूला कुणीतरी पेन्सिलीने लिहिलं होतं, ‘एकदाच चालतो’. सरांनी ते चष्मा वर करून वाचलं आणि म्हणाले, “हे पुसू नका. कुणीतरी काहीतरी पाहिलंय.”

सर म्हणजे माझे पॉलिटेक्निकचे सर. निवृत्त होऊन त्यांना आता बारा वर्षं झाली, राहतात मिरजेत. एका कॉलेजने प्रयोगशाळा रिकामी केली तेव्हा भंगाराच्या ढिगातून त्यांनी हे ट्रेनर किट उचलून आणलं, आणि माळ्यावर ते पडून राहिलं. माझी भाची डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिच्या अभ्यासक्रमात ८०८५ हा आठ बिटांचा प्रोसेसर होता, पण तो तिने फक्त संगणकाच्या पडद्यावर, नकली चित्रात चालवला होता. खरा पाहायचाय म्हणाली, म्हणून मी तिला सरांकडे घेऊन गेलो. पुढच्या तीन रविवारी जे घडलं ते लिहून ठेवावंसं वाटलं, कारण इतक्या साध्या बिघाडाने इतकं सुंदर कोडं घातलेलं मी दुसरं पाहिलेलं नाही.

हे किट म्हणजे पूर्ण उघडा संगणक. इंटेलने ८०८५ बाजारात आणला १९७६ मध्ये. त्याच्या आधीच्या ८०८० ला तीन वेगवेगळे व्होल्टेज लागत. याला एकच, पाच व्होल्ट. नावातला शेवटचा ५ तिथूनच आला. किटवर प्रोसेसरखेरीज दोन चिपा महत्त्वाच्या. एक 2764, तिच्यात किट चालवणारा कायमचा प्रोग्राम असतो. त्याला मॉनिटर म्हणतात, पण त्याचा पडद्याशी संबंध नाही. कळ दाबली की काय करायचं, आकडा कुठे दाखवायचा, हे सगळं त्यात लिहिलेलं असतं. दुसरी 6264, ही तात्पुरती स्मृती, म्हणजे रॅम. विद्यार्थी आपला प्रोग्राम इथे भरतो आणि वीज गेली की तो जातो. दोन्ही चिपांमध्ये ८१९२ खण, आणि एकेका खणात आठ बिटांचा एक आकडा.

भाची लगेच प्लग लावायला निघाली. सरांनी तिचा हात धरला.

“अगं, वीस वर्षं झोपलेल्याला असं दचकवून उठवतात का? आधी खिडकी बघ.”

2764 च्या पाठीवर काचेची गोल खिडकी असते. क्वार्ट्झची असते ती. तिच्यातून अतिनील प्रकाश पाडूनच आतलं लिखाण पुसता येतं. म्हणून लिहून झालं की खिडकीवर कागदाची चिठ्ठी चिकटवायची. या चिपेची चिठ्ठी सुकून निघाली होती. उत्पादकाच्या माहितीपत्रकात हिशोब दिलेला असतो: थेट उन्हात साधारण एका आठवड्यात लिखाण जाऊ शकतं, खोलीतल्या ट्यूबलाइटखाली सतत राहिलं तर सुमारे तीन वर्षांत. झाकण बंद होतं हे आपलं नशीब. तरी सर म्हणाले की मॉनिटर आधी उतरवून घ्यायचा, मग बाकीचं. कारण ती चिप मेली तर दुसरी मिळेल, पण तिच्यातलं लिखाण कुठून आणणार?

चिप काढताना भाचीने स्क्रूड्रायव्हर एका टोकाला घातला आणि सरांनी पुन्हा थांबवलं. चिप एका टोकाने उचलली की दुसऱ्या टोकाच्या पिना वाकतात, आणि ज्या टोकाला पातं घालतो तिथे सगळा जोर सॉकेटच्या प्लॅस्टिकवर येतो. दोन्ही टोकांना आळीपाळीने, केसभर केसभर उचलायची. तशी ती निघाली. यूएसबीवर चालणाऱ्या प्रोग्रामरमध्ये घालून भाचीने ती तीनदा वाचली आणि तिन्ही फायली ताडून पाहिल्या. एकसारख्या निघाल्या. आतलं लिखाण शाबूत असल्याचा हा पुरता पुरावा नव्हे, पण एखादं बिट पुसत आलं असेल तर ते दर वाचनाला वेगळं दिसण्याचा संभव असतो. तसं काही दिसलं नाही. खिडकीवर नवी चिठ्ठी लागली.

मग वीज. जुन्या वीजपुरवठ्यातले कपॅसिटर सुकलेले असू शकतात, आणि तो बिघडून पाचाच्या जागी सात व्होल्ट देऊ लागला तर पट्टीवरची प्रत्येक चिप जाते. म्हणून किट सोडवून ठेवलं आणि पाच व्होल्टच्या तारांना पाच ओहमचा, दहा वॅटचा जाडजूड रेझिस्टर लावला. त्यातून एक अँपिअर वाहतो, म्हणजे वीजपुरवठ्याला खरोखर काम करावं लागतं. रिकामा मोजला तर आजारी वीजपुरवठाही धडधाकट दिसतो. मीटरवर ४.९८ आले. किटवरच्या चिपांना ४.७५ ते ५.२५ चालतं. अर्धा तास तसाच ठेवला, रेझिस्टर चटका बसेल इतका तापला, आकडा हलला नाही. दरम्यान आम्ही मऊ ब्रशने धूळ काढली आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने कळफलकाच्या जोडण्या पुसल्या. काकूंनी चहा आणला. पहिला रविवार तिथेच संपला.

दुसऱ्या रविवारी किट जोडलं, आणि लागलं. लाल आकडे उजळले, मॉनिटरची स्वागताची अक्षरं आली. भाचीने टाळी वाजवली. सरही हसले, पण त्यांची बोटं झाकणावरच्या त्या पेन्सिलीच्या ओळीवर होती.

भाचीने पहिला प्रोग्राम भरला. ८०८५ शिकलेला प्रत्येकजण हाच भरतो, दोन आकड्यांची बेरीज:

```
2000  3E 05     MVI A,05H
2002  06 03     MVI B,03H
2004  80        ADD B
2005  32 00 30  STA 3000H
2008  CF        RST 1
```

डावीकडे खणाचा पत्ता, मग त्या खणापासून भरायचे आकडे, उजवीकडे त्यांचा अर्थ. A नावाच्या जागी पाच ठेव, B मध्ये तीन ठेव, दोन्ही मिळव (उत्तर A मध्येच राहतं), ते उत्तर 3000 या खणात ठेव, आणि मॉनिटरकडे परत ये. परत येताना मॉनिटर A, B वगैरेंमधले आकडे जपून ठेवतो आणि पुढच्या वेळी प्रोग्राम सुरू करताना जसेच्या तसे परत देतो. ही शेवटची गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे ती लागणार आहे.

चालवला. 3000 मध्ये पाहिलं: 08. बरोबर.

मला दाखवायला तिने तो पुन्हा चालवला. 3000 मध्ये 0B.

हे आकडे सोळाच्या पाढ्यातले. नऊनंतर A म्हणजे दहा, B म्हणजे अकरा, असं F म्हणजे पंधरापर्यंत. पाच अधिक तीन अकरा? तिने पुन्हा चालवला. 0E, म्हणजे चौदा. पुन्हा. 11, म्हणजे सतरा. तिने माझ्याकडे पाहिलं, मी सरांकडे.

“सर, प्रोसेसर गेला का?”

“प्रोसेसर बिघडला तर उत्तर वाटेल ते येईल,” सर म्हणाले. “हे वाटेल ते आहे का?”

ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “तीनतीनने वाढतंय.” आणि आणखी थोड्या वेळाने, “म्हणजे तीन मिळवणं चालू आहे. A मध्ये पाच ठेवणंच होत नाही. मागचं उत्तर A मध्ये राहतं, त्यात तीन मिळतात.”

सर काही बोलले नाहीत. त्यांनी नुसता कळफलक तिच्याकडे सरकवला. तिने 2000 हा खण उघडला. तिथे 3E हवं होतं, ‘A मध्ये ठेव’ हा आदेश. तिथे होतं 11. शेवटचं उत्तर.

ते दृश्य मला फार आवडलं. उत्तर 3000 मध्ये ठेवायला सांगितलं होतं, आणि ते 2000 मध्येही जाऊन बसलं होतं. प्रोग्राम आपल्याच पहिल्या शब्दावर उत्तर लिहीत होता. पहिल्या खेपेला सगळं नीट होतं, कारण लिहिण्याच्या आधी पहिला शब्द वाचून झाला होता. दुसऱ्या खेपेला तिथे 08 होतं. हा आदेश इंटेलच्या पुस्तकात छापलेला नाही, पण चिप त्यावर अडत नाही. तो दुसऱ्याच जागांमध्ये काही वजाबाकी करतो आणि A ला हात लावत नाही. पुढचं 05 आता आकडा राहिला नाही, तोही आदेश म्हणून वाचला गेला: B मधून एक कमी कर. लगेच B मध्ये तीन ठेवले गेलेच, त्यामुळे त्याचा मागमूस उरला नाही. A मध्ये मागचे आठ होते, झाले अकरा. त्या अकराने पुन्हा 2000 खोडला. तिसऱ्या खेपेला आदेश वेगळा, चौथ्या खेपेला आणखी वेगळा, आणि दर वेळी योगायोगाने A शाबूत. आम्ही चारही खेपा कागदावर मांडून पाहिल्या. एकही पायरी चुकीची नव्हती. प्रोसेसर निष्ठेने, अक्षरशः, जे समोर आलं तेच करत होता.

आता 2000 आणि 3000 एकच का झाले?

सरांनी कागदावर दुमजली चाळ काढली. खण म्हणजे खोल्या, ८१९२. खोली नेमकी सांगायला प्रोसेसर तेरा तारा वापरतो, A0 पासून A12 पर्यंत. प्रत्येक तार एक तर उंच, नाही तर खाली. बारा तारा मजल्यावरची खोली सांगतात, मजल्याला ४०९६ खोल्या. तेरावी तार, A12, फक्त मजला सांगते: खाली असेल तर 2000 ते 2FFF, उंच असेल तर 3000 ते 3FFF. 2000 आणि 3000 या दोन पत्त्यांत याच एका तारेचा फरक. पोस्टमनला जिना दिसेनासा झाला, तर वरच्या मजल्याचं पत्रही खालच्याच दारात पडणार.

“पण मला कशावरून कळणार की फक्त हीच तार?” भाचीने विचारलं. योग्य प्रश्न होता. सरांनी तिला तपासणी तिच्याकडूनच काढायला लावली. ८१९२ खण तपासायचे नाहीत. दर तारेमागे एक खण पुरे, असा खण की 2000 पासून त्याचा फरक त्या एकाच तारेचा आहे. म्हणजे 2001, 2002, 2004, 2008, मग 2010, 2020, असं दुप्पट करत 2800 आणि शेवटी 3000. मूळचा 2000 धरून चौदा. तिने ओळीने त्यांत 00, 01, 02 असे वेगळे आकडे भरले, शेवटच्यात 0D. मग परत पहिल्यापासून वाचले. बारा ठिकाणी आपापलाच आकडा. 3000 मध्ये 0D, आणि 2000 मध्येही 0D. बाकीच्या बारा तारा निर्दोष होत्या.

6264 मध्ये A12 येते दुसऱ्या पिनवर. चिपेच्या एका टोकाला अर्धगोल खाच असते. ती वर धरली की डावीकडून पहिली पिन एक, तिच्याखालची दोन. भाचीने टॉर्च धरला. खाचेच्या बाजूच्या कोपऱ्यात सॉकेटला केसासारखी चीर गेली होती, पहिल्या दोन पिनांच्या बाहेरून. इतके दिवस आमच्या डोळ्यांसमोर होती ती. कुणीतरी केव्हातरी त्याच टोकाने स्क्रूड्रायव्हर घालून चिप उचलली असणार.

चीर गेली म्हणून धातूची पाती तुटलेली नसते, हे समजून घ्यायला हवं. स्वस्त सॉकेटमध्ये प्रत्येक पिनसाठी पातळ धातूची वाकवलेली पाती असते, आणि ती पिनेला दाबून धरते. तो दाब येतो कुठून? पाठीमागच्या प्लॅस्टिकच्या भिंतीवरून. भिंत फुटली की पाती बाहेर कलते, आणि पिन आणि पाती यांच्यात कागदाइतकी फट पडते. डोळ्यांना जोडलेलं दिसतं, विजेला तुटलेलं.

ते सिद्ध करायला मल्टिमीटर घेतला, वीज बंद करून. प्रोसेसरची A12 पंचविसाव्या पिनवर. एक टोक तिथे, दुसरं पट्टीच्या खालच्या बाजूला सॉकेटच्या दुसऱ्या सोल्डरवर: मीटर वाजला. म्हणजे पट्टीतली वाट ठीक. मग दुसरं टोक वर, चिपेच्या पिनेवरच ठेवलं, आणि मीटर तेव्हाही वाजला. भाची गोंधळली. सर म्हणाले, “तू दाबतेयस.” मीटरच्या टोकानेच पिन पातीवर दाबली जात होती, तपासणीच बिघाड झाकत होती. तिने टोक नुसतं टेकवलं. मीटर गप्प.

एक गोष्ट उरली होती. मधूनच, सॉकेटजवळ बोट नेलं की, किट अडकून बसायचं. त्याचंही उत्तर इथेच मिळालं. 6264 सारख्या चिपेत अधांतरी राहिलेली पिन ठाम उंच किंवा ठाम खाली नसते. धुळीतून झिरपणारा किंचितसा प्रवाह तिला एका बाजूला धरून ठेवतो, आणि जवळ आलेला हातसुद्धा तिला उलटवू शकतो. मॉनिटर आपली टिपणं, म्हणजे कुठून निघालो आणि कुठे परत जायचं, याच रॅमच्या शेवटच्या खणांत ठेवतो. मजला मध्येच बदलला की परतीचा पत्ता त्याला सापडत नाही आणि तो भलतीकडे भरकटतो.

तिसऱ्या रविवारी सॉकेट बदललं. इथे लोक घाई करतात आणि पट्टी गमावतात. अठ्ठावीस पिनांचं सॉकेट एका ओढीत काढायला गेलं तर सोल्डरबरोबर पट्टीवरची तांब्याची कडीही उपटून येते, आणि ती परत लावता येत नाही. सरांची पद्धत म्हणजे सॉकेटचाच बळी द्यायचा. भाचीने कटरने प्लॅस्टिक तुकड्यातुकड्याने तोडलं. अठ्ठावीस पात्या सुट्या उभ्या राहिल्या. मग एकेक पाती चिमट्यात धरायची, खालून सोल्डरिंग आयर्न टेकवायचं, सोल्डर वितळलं की पाती आपली आपण निघते. ओढायची नाही. चौदावी पिन हट्टाने बसली होती. ती ग्राउंडची, रुंद तांब्याला जोडलेली, त्यामुळे उष्णता तिकडे पळते. तिथे आधी थोडं ताजं सोल्डर वितळवून मिसळलं, मग ती सुटली. भोकं पंपाने साफ केली.

नवं सॉकेट गोल, कातलेल्या पिनांचं आणलं होतं. त्यातली पकड पिनेच्याच नळीत असते, प्लॅस्टिकच्या भिंतीवर अवलंबून नसते. खाच खाचेशी जुळवून आधी फक्त दोन पिना सोल्डर केल्या, समोरासमोरच्या कोपऱ्यातल्या, आणि सॉकेट सपाट बसलंय का ते पाहिलं. दोनच जोड असतील तर चूक सुधारता येते, अठ्ठावीस झाल्यावर नाही. मग उरलेल्या. मग प्रत्येक पिन आपल्या जागी जोडलेली आहे का आणि शेजारणीला चिकटलेली नाही ना, हे मीटरने, एकेक करून. या वेळी भाची टोक हलकं टेकवत होती, कुणी न सांगता.

चिप बसवली, वीज दिली. तिने आधी ते चौदा खण भरले. 2000 मध्ये 00, 3000 मध्ये 0D. मग बेरजेचा प्रोग्राम. 08. पुन्हा 08. ती चालवत राहिली, वीसेक वेळा तरी, आणि सर दर वेळी खिडकीकडे पाहत राहिले.

मग त्यांनी झाकण उलटं केलं आणि पेन्सिल तिच्या हातात दिली. ‘एकदाच चालतो’ लिहिणारा मुलगा किंवा मुलगी कोण होती, कुणास ठाऊक. दर वेळी प्रोग्राम पहिल्या खणापासून नव्याने भरून तिने प्रयोग पुरा केला असेल आणि पुढच्या बॅचसाठी सूचना ठेवून गेली असेल. भाचीने त्या ओळीला धक्का लावला नाही. तिच्या खाली तारीख घातली आणि लिहिलं: ‘रॅम, पिन २, A12. सॉकेट बदललं.’